मोटार जळाल्यावर वाचलं जाणारं कार्ड

व्हिजिटिंग कार्ड छापायला गेलं की प्रिंटिंगवाला आधी अल्बम पुढे सरकवतो. प्लास्टिकच्या खिशांत शे-दोनशे नमुने असतात: कुठे सोनेरी अक्षरं, कुठे मखमलीसारखा पृष्ठभाग, कुठे गोल कापलेले कोपरे. आपण दोन-चार कार्डांवरून अंगठा फिरवतो, त्यातलं एक मनात भरतं, आणि ‘असंच करा, फक्त नाव आमचं टाका’ असं सांगून मोकळे होतो. कार्ड त्या वेळी कोरं करकरीत असतं, वर ट्यूबलाइट असते आणि आपल्याला घाई नसते. ते कार्ड ज्याच्या हाती जाणार, तो मात्र ते अशा वेळी कधीच वाचत नाही.

लहान धंद्याचं कार्ड दिल्याक्षणी वाचलं जात नाही, खिशात जातं. काही महिन्यांनी अडचण आली की ते शोधलं जातं आणि तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं जातं. म्हणून नमुन्यांची तुलना करायची तर त्या वेळेची करायला हवी. एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू: तालुक्याच्या गावातलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या मोनोब्लॉक आणि बोअरमधल्या सबमर्सिबल मोटारी जळाल्या की इथे भरायला येतात. मालक स्वतः कारागीर, हाताखाली एक-दोन पोरं, गिऱ्हाईक आसपासच्या पंधरा-वीस गावांतले शेतकरी.

या दुकानाचं कार्ड शेवटी कुठे पोहोचतं ते बघा. काही मोबाइलच्या कव्हरमागे जातात, काही डायरीत, आणि बरीचशी थेट स्टार्टरच्या पेटीत. शेतीच्या थ्री-फेज विजेची पाळी दिवसा असते तशी रात्रीचीही असते. रात्री अकराला पाणी धरायला गेलेला माणूस बटण दाबतो, मोटार नुसती गुणगुणते, स्टार्टर पडतो आणि जळका वास येतो. मग एका हातात बॅटरी धरून तो पेटीतलं कार्ड काढतो. वय पन्नाशीच्या पुढे असलं तर चष्मा बहुधा घरी राहिलेला असतो. कार्डाची परीक्षा इथे होते.

आता तीन नमुने. पहिला गावोगावी दिसतो तो. वर मध्यभागी ‘॥ श्री ॥’, डाव्या कोपऱ्यात गणपती, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एकाखाली एक दोन मोबाइल नंबर. त्याखाली कमानीसारखं वाकवलेलं दुकानाचं नाव, लाल अक्षरं, पिवळी किनार आणि मागे सावली. मग ‘आमचेकडे सर्व प्रकारच्या मोटारी, पंप, पंखे, मिक्सर, कुलर खात्रीपूर्वक व योग्य दरात रिवाइंडिंग करून मिळतील’ हे वाक्य दोन ओळींत. त्याखाली मोटारींच्या कंपन्यांची यादी, एका बाजूला पंपाचं चित्र, उजवीकडे ‘प्रो. प्रा.’ आणि मालकाचं नाव, तळाशी निळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत पत्ता. एकूण चौदा ओळी. कागद आर्ट कार्ड, त्यावर चकचकीत म्हणजे ग्लॉस लॅमिनेशन.

दुसरा नमुना मालकाच्या शिकलेल्या मुलाने मोबाइलवरच्या तयार साच्यातून केलाय असं धरू. पूर्ण काळं कार्ड, मध्ये इंग्रजीत दुकानाचं नाव, अंगाने काटकुळी करडी अक्षरं. तळाशी फोन, ईमेल आणि पत्ता, प्रत्येकाआधी इवलंसं चित्र. मॅट लॅमिनेशन आणि नावावर स्पॉट यूव्ही, म्हणजे तेवढ्याच भागावर पारदर्शक चमकदार थर. अल्बममध्ये हे कार्ड सगळ्यांत श्रीमंत दिसतं.

तिसरा नमुना पांढऱ्या कार्डावर काळ्या अक्षरांत आहे आणि रंग एकच, निळा. सगळ्यात वर ठळक ‘मोटार रिवाइंडिंग’. त्याखाली त्याहून बारीक ‘सबमर्सिबल व मोनोब्लॉक मोटारी भरून मिळतील’. मध्ये एकच मोबाइल नंबर, मोठा. त्याखाली मालकाचं नाव, मग दुकानाचं नाव, आणि शेवटी एका ओळीत दुकान कुठे आहे ते. मागची बाजू जवळजवळ मोकळी. पहिल्या नजरेला गरीब वाटतं आणि अल्बममधून असलं कार्ड कोणी निवडत नाही.

मजकुराच्या क्रमापासून सुरुवात करू. कार्डावर दुकानाचं नाव सर्वांत मोठं असावं हे आपण गृहीत धरतो, कारण दुकानाच्या पाटीवर ते तसं असतं. पाटीचं काम वेगळं आहे. पाटीखाली उभा असलेल्या माणसाला समोर मोटारी उघडून ठेवलेल्या आणि तांब्याच्या तारेची भेंडोळी दिसत असतात; धंदा कोणता हे सांगायची गरज नसते. कार्ड दुकानापासून वीस किलोमीटरवर एकटं असतं. त्यातून आपल्याकडची दुकानांची नावं गुरुकृपा, साई, श्रीराम, ओम अशी. एकाच पेटीत बियाणंवाला, ठिबकवाला आणि मोटारवाला यांची कार्डं असतील तर तिन्हींवर देवाचं किंवा गुरूचं नाव असण्याची शक्यता बरीच. शोधणारा माणूस नाव शोधत नसतो, मोटारवाल्याला शोधत असतो. म्हणून नावातून धंदा कळत नसेल, तर धंदा वर आणि नाव खाली. नावातच धंदा असेल तर प्रश्न मिटला.

दुसरी जागा नंबराची. पहिल्या नमुन्यात दोन नंबर कोपऱ्यात आहेत, आणि कोपरा ही कार्डाची सगळ्यांत दुबळी जागा आहे. कटिंगमध्ये कागद जरा सरकला तर मार तिथे बसतो, आणि धरताना अंगठाही तिथेच येतो. शिवाय दोन नंबर दिले की वाचणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो: यातला मालकाचा कोणता, रात्री उचलला जाणारा कोणता? दोन द्यायचेच असतील तर एक मोठा छापावा आणि दुसऱ्यापुढे ‘दुकान’ किंवा ‘रात्री’ असं लिहावं. नंबर दहा आकडी सलग छापू नये. पाच-पाच आकडे करून मध्ये जागा सोडावी, कारण आपण तो उच्चारतोही साधारण तसाच. आकडे देवनागरी की इंग्रजी, यावर वाद होतात. माझं मत असं, की बाकी कार्ड मराठीत ठेवा, पण नंबर मोबाइलच्या बटणांवर दिसतो त्या आकड्यांत द्या. काही देवनागरी फॉन्टमध्ये १ आणि ९ बारीक आकारात एकमेकांचे सख्खे भाऊ दिसतात, आणि एक आकडा चुकला की फोन भलत्याच्या घरी वाजतो.

तिसरी जागा माणसाच्या नावाची. या धंद्यात गिऱ्हाईक दुकानाला नाही, कारागिराला ओळखतं. ‘अमक्याकडे भरून घे, दोन वर्षं बघायला नको’ असं एक शेतकरी दुसऱ्याला सांगतो, तेव्हा तो दुकानाचं नाव घेत नाही. ‘प्रो. प्रा.’ हे शब्द गेले तरी चालतील, नाव मात्र ठसठशीत हवं. वकील, वास्तुरचनाकार, डॉक्टर यांच्या कार्डावर हे नाव आणखी वर, अगदी पहिल्या ओळीत जातं. तिथे गिऱ्हाईक धंदा आधीच जाणून असतं आणि माणूस शोधत असतं.

पत्ता शेवटी, आणि पोस्टाने पत्र येणार असल्यासारखा नको. गट नंबर, सर्व्हे नंबर, तालुका, जिल्हा, पिन कोड हे सगळं जळकी मोटार पिकअपमध्ये टाकून येणाऱ्याच्या कामाचं नाही. ‘मार्केट यार्डाच्या मागच्या गेटसमोर’ एवढं पुरतं. ईमेल या दुकानाला लागत नाही. जीएसटीचा पंधरा अक्षरी क्रमांक बिलावर असतो, कार्डावर त्याला जागा देण्याचं कारण नाही. कंपन्यांची यादी अनेकांना सोडवत नाही, कारण तिने धंदा मोठा वाटतो. पण आपल्या कंपनीची मोटार यादीत सापडली नाही तर शेतकऱ्याला शंका येते, की हा आपली घेईल की नाही. ‘सर्व कंपन्यांच्या’ या दोन शब्दांत ते काम होतं आणि कोणी वगळलं जात नाही.

क्यूआर कोड हवा का, हा हल्ली ठरलेला प्रश्न. हवा तर मागच्या बाजूला, आणि त्यात काय भरलंय ते बघून. `https://wa.me/91` आणि त्यापुढे दहा आकडे एवढी छोटी लिंक भरली तर सव्वीस अक्षरं होतात. ती २५ गुणिले २५ घरांच्या साध्या कोडमध्ये मावतात, आणि भोवतीची कोरी जागा धरूनही १७-१८ मिलिमीटरच्या चौकोनात प्रत्येक घर अर्ध्या मिलिमीटरचं राहतं. साधा मोबाइल ते सहज वाचतो. त्याऐवजी नाव, पत्ता, ईमेल, दोन नंबर असा अख्खा संपर्क कोंबला की घरं जवळजवळ चौपट होतात, प्रत्येक घर पाव मिलिमीटरच्या आसपास येतं, आणि मळलेल्या कार्डावर तो कोड नुसती रांगोळी उरते.

आता अक्षराचा आकार. इथे फार थोडं गणित आहे, पण ते केल्याशिवाय भांडण मिटत नाही. आपल्याकडे चालणारं कार्ड साडेतीन बाय दोन इंचांचं, म्हणजे साधारण ८९ बाय ५१ मिलिमीटर. कडेपासून चौफेर ४ मिलिमीटर जागा मोकळी सोडायची, कारण कटिंग मशिनवर गठ्ठा थोडा इकडेतिकडे होतोच. उरली उंची ४३ मिलिमीटर. अक्षराचा आकार पॉइंटात मोजतात आणि एक इंचात ७२ पॉइंट असतात, म्हणजे एक पॉइंट मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून किंचित मोठा.

देवनागरीला इंग्रजीपेक्षा ओळींमध्ये जास्त हवा लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो. त्यामुळे १० पॉइंटाच्या अक्षराला ओळीची उंची १४ पॉइंट, म्हणजे जवळपास ५ मिलिमीटर ठेवावी लागते. ४३ मिलिमीटरमध्ये अशा आठ ओळी बसतात. पहिल्या नमुन्यात चौदा आहेत. चौदा ओळींना प्रत्येकी ३ मिलिमीटर वाट्याला येतात आणि अक्षर सहा पॉइंटांच्या आसपास उतरतं. त्यातही दुकानाच्या नावाने आपला मोठा वाटा आधीच उचललेला असतो, म्हणजे बाकीच्यांचं आणखी आक्रसतं. डिझाइन करणाऱ्याने कितीही कौशल्य लावलं तरी ही जागा वाढत नाही. मजकूर कापणं एवढा एकच मार्ग आहे.

पॉइंटाचा आकडा दोन लिप्यांत सारखा दिसत नाही, हेही माहीत असावं. तोच आकार देऊन ‘म’ आणि इंग्रजीतलं कॅपिटल ‘एच’ शेजारी टाइप करून बघा. बहुतेक फॉन्टमध्ये ‘म’ ठेंगणा दिसतो, कारण दिलेल्या उंचीत वरच्या-खालच्या मात्रांची जागाही राखावी लागते. म्हणून ‘इंग्रजी कार्डावर ७ पॉइंट चालतात’ हा नियम मराठीला लावला की गडबड होते. मराठीत ९ पॉइंटाखाली काहीही छापू नये, आणि चाळिशी उलटलेल्या वाचकासाठी १० ते ११ धरावेत, असं मी म्हणेन. जोडाक्षरांत आधी बिघडतं. ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’, ‘शुद्ध’मधला ‘द्ध’, ‘इंडस्ट्रीज’मधला ‘स्ट्री’ बारीक आकारात शाईने भरून काळा ठिपका होतो. नमुना तपासताना सरसकट सगळं वाचत बसू नका. सर्वांत लहान ओळीतलं सर्वांत गुंतागुंतीचं जोडाक्षर शोधा. ते सुटं दिसलं तर बाकी सगळं दिसेल.

फॉन्टचं नाव तेवढं महत्त्वाचं नाही, त्याची जात महत्त्वाची. कार्डासाठी शिरोरेषा आणि उभा दंड यांची जाडी जवळपास सारखी असलेला, आतली पोकळी मोकळी असलेला फॉन्ट घ्यावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा गुगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ फुकट मिळतो आणि लहान आकारात टिकतो. ‘बालू’ ठसठशीत आहे. मथळ्याला शोभतो, पत्त्याला जड होतो. बोरूने लिहिल्यासारखे वळणदार फॉन्ट लग्नपत्रिकेत छान दिसतात. स्टार्टरच्या पेटीतल्या उजेडात त्यांच्या बारीक रेघा गायब होतात.

तिसऱ्या नमुन्याचा हिशेब असा बसतो. ‘मोटार रिवाइंडिंग’ २० पॉइंटात ठळक. त्याखालची ओळ ११ पॉइंटात. मोबाइल नंबर १८ पॉइंटात. या आकारात आकड्याची उंची साधारण साडेचार मिलिमीटर होते आणि मध्ये जागा सोडूनही दहा आकडे ३६-३७ मिलिमीटर रुंदीत बसतात, म्हणजे कार्डाच्या निम्म्याहूनही कमी. मालकाचं नाव १३, दुकानाचं नाव ११, जागा १० पॉइंटात. सहा ओळी, आणि तरी वर-खाली श्वास घ्यायला जागा उरते. हे सगळे आकडे पाळलेच पाहिजेत असं नाही. मोठ्या-लहानाचा फरक मात्र डोळ्याला जाणवेल एवढा हवा. १० आणि ११ पॉइंट शेजारी ठेवले तर वाचणाऱ्याला फरक कळत नाही, फक्त काहीतरी नीट बसलं नाही असं वाटतं.

दुसऱ्या नमुन्याचं नुकसान आकाराइतकंच रंगाने होतं. करडा रंग छापखान्यात बहुधा करडी शाई घालून येत नाही. काळ्या शाईचे सुटे ठिपके, किंवा चार रंगांचे ठिपके एकमेकांवर टाकून तो भास निर्माण करतात. मोठ्या पट्ट्यात ते दिसत नाहीत. पण अक्षराची रेघच ठिपक्याएवढी बारीक असेल तर तिची कडा कुरतडल्यासारखी होते. काळ्यावर पांढरी अक्षरं तर त्याहून नाजूक. तिथे पांढरी शाई नसते, काळ्यात सोडलेली फट असते, आणि ओली शाई सगळ्या बाजूंनी त्या फटीत सरकते. गडद काळा मिळावा म्हणून चारही रंग एकावर एक छापलेले असतील आणि त्यातला एक केसभर सरकला, तर पांढऱ्या अक्षराला गुलाबी किंवा निळसर किनार येते. देवनागरीत पहिली बळी जाते ती बारीक शिरोरेषा. पहिल्या नमुन्यातली निळी पट्टी आणि तिच्यातला पांढरा पत्ता याच कारणाने धूसर येतो. लहान अक्षर नेहमी एकाच शाईत छापावं, आणि ती काळी असावी. प्रिंटिंगवाल्याला ‘टेक्स्ट फक्त के-हंड्रेड ठेवा’ म्हटलं की तो समजतो.

यात आणखी एक व्यवहाराचं कारण आहे. हजार कार्डं स्वस्तात मिळतात, कारण ती एकटी छापली जात नाहीत. अनेक गिऱ्हाइकांची कार्डं एकाच मोठ्या शीटवर मांडून एकदम ऑफसेटवर काढतात. शाईचं प्रमाण सगळ्या शीटचं सांभाळावं लागतं. तुमच्या ओळीत शेजारी कोणाचं गडद लाल कार्ड आलं, तर तुमचा हलका केशरी त्याच्याकडे झुकू शकतो. मागच्या वर्षीचा केशरी आणि यंदाचा केशरी वेगळा निघाला म्हणून भांडण्यात अर्थ नसतो. ज्या कार्डाचं काम एखाद्या नाजूक छटेवर अवलंबून आहे, ते या पद्धतीत छापायलाच देऊ नये. काळी अक्षरं आणि भरीव निळा थोडाफार हलला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आता फिनिश. कागद साधारणपणे ३०० किंवा ३५० जीएसएमचं आर्ट कार्ड, आणि त्यावर पातळ प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली. फिल्म ग्लॉस असली तर रंग उठून दिसतात आणि तेलकट हाताचा डाग फडक्याने पुसता येतो. वर्कशॉपसाठी हा गुण मोठा आहे. मालकाचे हात वॉर्निश आणि ग्रीसने काळे असतात आणि कार्ड तोच देतो. पण त्याच ग्लॉसवर रात्री बॅटरीचा झोत मारला की मधोमध पांढरा डाग चमकतो आणि नंबर त्याखाली जातो. कार्ड तिरकं करून वाचता येतं, नाही असं नाही. मॅट फिल्म उजेड पसरवते, त्यामुळे नंबर कोणत्याही कोनातून दिसतो, आणि ओल-पाण्यापासूनचं संरक्षणही मिळतं. मॅटची खोड वेगळी: गडद रंगावर ती बोटांचे ठसे आणि ओरखडे दाखवते. दुसरा नमुना खिशातल्या किल्ल्यांबरोबर महिनाभर राहिला की काळ्यावर पांढऱ्या रेघा उठतात आणि कडा झिजून आतला पांढरा कागद दिसू लागतो. पांढऱ्या कार्डावर तेच ओरखडे आणि तीच झीज दिसत नाही. म्हणजे मॅट वाईट नाही. काळ्यावरची मॅट वाईट.

स्पॉट यूव्हीबद्दल एक गोष्ट अल्बममध्ये कळत नाही. तो थर छपाई आणि लॅमिनेशन झाल्यावर वेगळ्या खेपेला चढतो, आणि दोन खेपा तंतोतंत जुळत नाहीत. भरीव मोठ्या चिन्हावर थर अर्धा मिलिमीटर सरकला तर चालून जातं. मराठी नावावर तो सरकला की प्रत्येक मात्रेला चमकदार सावली पडते आणि नाव दुहेरी दिसतं. सोनेरी फॉइलचंही तसंच. ते तापलेल्या ठशाने दाबून बसवतात, आणि ‘अ’, ‘इ’, ‘क्ष’ यांच्या आतल्या बारीक पोकळ्या सोन्याने भरून जातात. अलंकारांच्या दुकानाने मोठ्या अक्षरात फॉइल वापरावं, शोभतं. मोटारवाल्याने त्याच पैशात ३०० ऐवजी ३५० जीएसएम घ्यावं.

तिसऱ्या नमुन्याची मागची बाजू मोकळी ठेवली आहे ती विचारपूर्वक. मोटार भरून दिली की मालक त्यावर तारीख, किती एचपीची मोटार आणि किती महिन्यांची खात्री हे लिहून देतो. हे कार्ड शेतकरी टाकत नाही, कारण तोच त्याचा पुरावा असतो. पण लिहायचं कशावर? ग्लॉस फिल्मवर बॉलपेन घसरतं, आणि मॅटवर उमटलं तरी पुसट राहतं. मागची बाजू लॅमिनेशनशिवाय ठेवली तर पेन चालतं. मात्र एकाच बाजूला फिल्म असलेलं कार्ड पावसाळ्यात वाकतं. उघडी बाजू हवेतली ओल पिऊन फुगते, फिल्मची बाजू फुगत नाही, आणि कार्ड पापडासारखं कमानतं. कोकणात हे दोन दिवसांत दिसेल, माणदेशात कदाचित दिसणारही नाही. या दुकानाला सोपा तोडगा आहे: दोन्ही बाजूंना मॅट फिल्म आणि लिहायला पक्क्या शाईचा मार्कर. भरायला आलेल्या मोटारींवर नावं टाकायला तो असाही टेबलावर पडलेला असतो.

न फाटणारं ‘एनटी’ कार्ड दुकानदार आग्रहाने दाखवतात. पाण्यात बुडवून, ओढून दाखवतात. ते टिकतं, पण ज्या पेटीत पाणी शिरतं तिथे कार्डाआधी स्टार्टरची काळजी करावी लागते. दोन्ही बाजूंची फिल्म या कामाला पुरेशी आहे.

छपाईला देण्याआधीचा प्रूफ मोबाइलवर येतो आणि सगळी फसगत तिथे होते. स्क्रीनवर कार्ड तळहाताएवढं दिसतं आणि सहा पॉइंटही सुवाच्य वाटतात. प्रूफ कागदावर शंभर टक्के आकारात काढून, पट्टीने साडेतीन बाय दोन इंच मोजून कापा. मग चष्मा न लावलेल्या पन्नाशीच्या माणसाला द्या, खोलीतला मोठा दिवा बंद करा, आणि कार्ड बघून नंबर लावायला सांगा. तुमचा फोन वाजला पाहिजे. याने दोन गोष्टी एकदम तपासल्या जातात: नंबर दिसतो का, आणि छापलेला नंबर बरोबर आहे का. मजकूर मात्र स्वतः अक्षर न् अक्षर वाचावा लागतो. तुम्ही व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर डीटीपीवाला श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, आणि त्या बदलात ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांसाठी’ यांसारख्या शब्दांतला ‘ऱ्य’ तुटतो, कधी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. फाइल छापखान्यात जाण्याआधी अक्षरांची रेखाकृती करून घ्यावी, म्हणजे ‘कर्व्ह’ करावीत. नाहीतर तिथल्या संगणकात तो फॉन्ट नसला की दुसराच येतो.

तिघांत पहिला नमुना सुधारता येण्यासारखा आहे. त्यातला अर्धा मजकूर काढा, नंबर कोपऱ्यातून मध्ये आणा, निळ्या पट्टीतला पत्ता पांढऱ्यावर काळ्यात करा, तो तिसऱ्याच्या जवळ येतो. वरचं ‘॥ श्री ॥’ ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, अर्ध्या ओळीचा प्रश्न आहे. दुसरा नमुना या धंद्याला मुळातच चुकीचा आहे. इंटिरियर डिझायनरने पांढऱ्या जाड अक्षरांत केला तर एखादवेळी चालेल. मी तिसराच छापायला देईन, आणि ऑर्डर अशी लिहीन: ३५० जीएसएम आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंना मॅट, अक्षरं फक्त काळ्यात, कोपरे सरळ. आधी शंभर कार्डं डिजिटलवर काढून महिनाभर वाटा, एकदोन गिऱ्हाइकांच्या पेटीतलं कार्ड स्वतः जाऊन बघा, आणि मगच हजार सांगा.